तांब्याच्या जगाचं हँडल एकाच जागी बिघडलंय : मास्क किती मोठा घ्यावा, डिनॉईज किती ठेवावं?

केवडा

नमस्कार मंडळी. तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्या एका दुकानाच्या कॅटलॉगचं काम माझ्याकडे आलंय. त्यातल्या एका चित्रावर चार दिवस अडकले आहे.

चित्रात मठारकाम केलेला तांब्याचा जग आहे आणि त्याला पितळी हँडल. मागे गडद भिंत, डावीकडून खिडकीचा उजेड. आधीच्या डिझायनरने ते एसडीएक्सएल या एआय मॉडेलवर काढून मोठं केलेलं आहे, २०४८ बाय २०४८. माझ्या हातात फक्त पीएनजी आली. प्रॉम्प्ट नाही, सीड नाही. चित्र खरंच देखणं आहे. ठोक्यांवर पडलेला उजेड, झाकणाची कड, खालच्या फळीवरची सावली, सगळं मालकांना पसंत आहे. बिघाड एकच. हँडलचं खालचं टोक जिथे जगाला टेकतं तिथे पितळ वितळून तांब्यात मिसळल्यासारखं दिसतं. दोन रिव्हेट हवेत, तिथे एक आहे आणि दुसऱ्याचा अर्धा ठसा. साधारण १५० बाय १२० पिक्सेलचा भाग असेल.

फोर्जमध्ये इनपेंट करून पाहिलं. नेमक्या बिघडलेल्या भागावर मास्क, `Only masked`, पॅडिंग आहे तेच ३२. डिनॉईज ०.३ वर काहीच बदललं नाही. ०.५ वर तोच वितळलेला गोळा जास्त चकचकीत होऊन आला. ०.७५ वर हँडलच्या जागी एक छोटा अख्खा जग उगवला, झाकणासकट! मग `Whole picture` करून पाहिलं, चित्र १०२४ वर आणून. आकार थोडा सुधारला, पण रिव्हेट म्हणजे नुसते डाग.

आकडे फिरवून फिरवून थकले. मास्क आणि डिनॉईज ठरवायचं कसं, हे कुणी समजावून सांगेल का?

झपाटा

मास्क जितका लहान तितका चांगला, आणि डिनॉईज ०.३ ते ०.३५. त्याच्यावर गेलात की वस्तू बदलायला लागते. मी शांपूच्या आणि तेलाच्या बाटल्या करतो, एवढ्यातच भागतं. पाच-सहा वेळा त्याच जागेवर ०.३ फिरवा, हळूहळू सुधारेल.

माळरान

डिनॉईज वाढवू नका असंच मी म्हणेन, मठारकामासारखं बारीक पोत पुसून जातं. ओपन इमेज डिनॉईज लावत असाल तर अल्बेडो आणि नॉर्मल दोन्ही पास जोडा, पोत टिकतं. आणि एवढ्याशा भागासाठी अख्खा रेंडर कशाला? कॅमेरा व्ह्यूमध्ये `Ctrl+B` दाबून तेवढीच चौकट आखा, जास्त सँपल्सवर रेंडर करा आणि मूळ चित्रावर ठेवा. झालं की `Ctrl+Alt+B` ने चौकट काढायची.

केवडा

माळरान, तुम्ही ब्लेंडरबद्दल बोलताय ना? माझ्याकडे थ्रीडी फाईल नाहीच, नुसतं चित्र आहे. इथलं डिनॉईज म्हणजे इनपेंटची `Denoising strength`.

झपाटा, ०.३ सहा वेळा करून पाहिलं. गोळा तसाच राहिला आणि भोवतालचे ठोके मात्र पुसट झाले.

माळरान

अच्छा, माझा घोटाळा झाला. शब्द एकच असल्याने गडबडलो. तरी पुढच्या कामांसाठी सांगून ठेवतो: दुकानाकडून जगाचं साधं मॉडेल करून घेता आलं तर हा प्रश्नच उरत नाही. हँडलचा जोड एकदा बरोबर केला की सगळ्या कोनांतून बरोबर दिसतो.

तळ्याकाठी

केवडा, तुमच्या तिन्ही प्रयत्नांत जे घडलं त्याची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून सावकाश लिहिते.

आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. मॉडेल तुमच्या पिक्सेलवर काम करत नाही. चित्र आधी आक्रसलं जातं आणि ८ बाय ८ पिक्सेलचं एक घर होतं. मॉडेल जे काही काढतं ते या घरांमध्ये. तुम्ही अख्खं चित्र १०२४ वर आणलंत तेव्हा तुमचा रिव्हेट केवढा उरला? मूळ चित्रात तो ३२ पिक्सेल रुंद धरू. १०२४ वर १६ पिक्सेल, म्हणजे दोन घरं. दोन घरांत गोल डोकं, त्यावरचा उजेडाचा ठिपका आणि कडेची सावली मावत नाही. म्हणून डाग आले. तिथे डिनॉईज कितीही फिरवलं तरी फरक पडला नसता.

आता उलटी बाजू. `Only masked` केलं की मास्कभोवतीचा तुकडा कापून तो तुम्ही दिलेल्या आकारापर्यंत, समजा १०२४ पर्यंत, ताणला जातो. तुमचा मास्क १५० रुंद, दोन्ही बाजूंना ३२ पॅडिंग, मिळून २१४ पिक्सेलचा तुकडा. तो जवळजवळ पावणेपाच पट मोठा झाला. रिव्हेटला आता भरपूर घरं मिळाली, पण मॉडेलला दिसतंय काय? थोडं तांबं, थोडं पितळ. हा हँडलचा पाय आहे, वर हँडल आहे, उजेड डावीकडून येतोय, यातलं काहीच त्या चौकटीत नाही. आणि प्रॉम्प्टमध्ये तुम्ही "तांब्याचा जग" असं काहीतरी लिहिलं असणार. रिकामी चौकट, जग काढायची सूचना आणि ०.७५ ची मोकळीक. त्याने सांगितलेलं इमानाने केलं.

म्हणजे चौकट इतकी मोठी हवी की आजूबाजूचं कळेल आणि इतकी लहान हवी की रिव्हेटला सहा-सात घरं मिळतील. तुमच्या चित्रात साडेपाचशे पिक्सेलची चौकट बरी पडेल. १०२४ पर्यंत ताणताना ती १.८६ पट होते, ३२ चा रिव्हेट साधारण ६० पिक्सेलचा होतो, म्हणजे सात घरं. चौकटीत हँडलचा खालचा अर्धा भाग येईल आणि जगाच्या अंगावरचा उजेड कुठल्या बाजूचा आहे तेही दिसेल.

मास्क वेगळा आणि चौकट वेगळी, हे आधी मनात पक्कं करा. काय बदलायचं ते मास्क सांगतो, काय पाहून बदलायचं ते चौकट. तुम्ही मास्क लहान ठेवलात आणि त्यासोबत चौकटही नकळत लहान झाली.

डिनॉईजचं नंतर लिहिते, आत्ता ताटं वाढायची आहेत.

नवा पैसा

ताई, मला हे आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. एक शंका. चौकट वाढवायला पॅडिंगच वाढवावं लागतं का? मी कुठेतरी पाहिलं होतं की लांब कोपऱ्यात मास्कचा एक बारीक ठिपका ठेवतात.

तळ्याकाठी

हो, तीही युक्ती चालते. चौकट सगळ्या मास्कला कवेत घेऊन आखली जाते, त्यामुळे लांबचा ठिपका तिला तिकडे खेचतो. पॅडिंग चारही बाजूंना सारखं वाढतं, ठिपक्याने हव्या त्याच दिशेला वाढवता येतं. हँडलचं वरचं टोक चौकटीत हवं असेल तर ठिपका तिथे, मागच्या भिंतीवर. भिंतीवरच ठेवा, कारण त्या ठिपक्याखालचं चित्रही बदलतं. झाकणावर ठेवलात तर तिथे डाग दिसेल.

आता डिनॉईज.

झपाटा यांचं ०.३ चुकीचं नाही, पण ते वेगळ्या दुखण्यावरचं औषध आहे. नॉईज मिसळला की सगळ्यात आधी बारीक तपशील बुडतात, मग मध्यम आकार, आणि सगळ्यात शेवटी मोठे आकार व रंगांचे पट्टे. ०.३ वर फक्त बारीक तपशील बुडालेले असतात आणि तेवढेच नव्याने येतात. बाटलीवरचा ओरखडा, प्लास्टिकवरचे ठिपके, झाकणाची दातेरी कड, हे त्यात सुटतं. केवडांचा गोळा हा चौकटीतला मोठा आकार आहे. ०.३ वर तो जसाच्या तसा वर डोकावत राहतो, आणि मॉडेल त्यालाच खरा मानून वर नवा तकाकीचा हात फिरवतं. दरवेळी बारीक पोत मात्र नव्याने येतं आणि थोडं मऊ होतं. म्हणून सहा फेऱ्यांत ठोके पुसट झाले.

यातून आणखी एक निघतं, जे मला कळायला फार वेळ लागला. बिघाड चौकटीत केवढा दिसतो त्यावर डिनॉईज ठरतं. तोच १५० पिक्सेलचा गोळा २०४८ च्या चित्रात चिमुकला आहे, तिथे ०.५ ला तो सहज विरघळतो. म्हणूनच तुमचा `Whole picture`चा आकार थोडा सुधारला. पण २१४ च्या चौकटीत त्याने रुंदीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग व्यापलेला आहे. तिथे तोच गोळा ०.५ ला हलत नाही. चौकट बदललीत की आधी जुळवून ठेवलेला डिनॉईजचा आकडा बाद समजायचा.

साडेपाचशेच्या चौकटीत हा गोळा नुसत्या डिनॉईजने मोडायचा तर ०.६५ ते ०.७ लागेल. तिथे पोचलं की रिव्हेट किती, हँडल कुठे टेकतं, हे सगळं मॉडेलच्या मर्जीवर. विक्रीच्या वस्तूत ते मला चालत नाही. म्हणून मी आकार स्वतः आणून देते आणि मॉडेलला फक्त जोडकाम करायला लावते.

तुमच्या हँडलचा वरचा जोड ठीक आहे ना? क्रितामध्ये किंवा गिंपमध्ये तो कापा, फिरवा, जरुरीप्रमाणे तिरका करा आणि खालच्या जागी बसवा. ओबडधोबड चालेल. वितळलेल्या भागावर शेजारच्या तांब्याचा रंग घेऊन ब्रश मारा. रिव्हेटवरच्या उजेडाचा ठिपका डावीकडे आहे ना, तेवढं बघा. हे चित्र इनपेंटला द्या. आता मोठा आकार बरोबरच आहे, त्यामुळे ०.४५ पुरतं.

```
Masked content: original
Inpaint area: Only masked
Only masked padding, pixels: 200
Mask blur: 8
Steps: 30
Denoising strength: 0.45
```

`Masked content` मध्ये `original` असायलाच हवं. `fill` किंवा `latent noise` केलंत तर तुम्ही हाताने बसवलेलं सगळं फेकलं जातं.

प्रॉम्प्टमध्ये जग लिहू नका. चौकटीत जे दिसतं तेवढंच लिहा:

```
brass handle end fixed to hammered copper with two round rivets, soft window light from left
```

ठुशीवाली

इथे माझं दुखणं मांडते, चालेल ना? माझ्या नणंदेचं कोल्हापुरी दागिन्यांचं ऑनलाइन दुकान आहे. ठुशीच्या चित्रात मधले चार-पाच मणी एकमेकांत मिसळले होते. केवडांसारखंच केलं, फक्त ०.५५ वर. मणी सुंदर आले, पण मोजले तर मूळ ठुशीपेक्षा दोन जास्त! ०.४ वर मणी बरोबर राहिले पण चिकटलेलेच. मधला आकडा सापडतच नाही. मास्क बदलून काही होईल का?

तळ्याकाठी

ठुशीवाली, मोजणी मॉडेलवर सोपवूच नका. एकसारख्या बारीक वस्तूंची ओळ त्याला "साधारण इतकी दाट" एवढीच समजते. तुमच्या कामात डिनॉईजचा मधला आकडा नसेलच असं मला वाटतं. चांगले आलेले मणी कापून मोजून बसवा, आणि मग फक्त मण्यांमधल्या फटींवर बारीक मास्क घेऊन ०.३. इथे झपाटांचा आकडा बरोबर लागू होतो. खऱ्या ठुशीचा फोटो असेल तर मणी त्यातूनच घ्या.

झपाटा

मान्य, मी आकार बिघडलेली कामं फारशी केली नाहीत. पण कापून बसवण्याचा माझा अनुभव वाईट आहे. एकदा पंपाची नळी रंगवून ०.४५ दिलं तर शेवटी ती रंगवलेलीच दिसली, स्टिकर चिकटवल्यासारखी. ०.६ केलं तेव्हा ती चित्रात बसली, पण वाकडी झाली.

तळ्याकाठी

सपाट रंगाचा ब्रश मारला होता ना? सपाट भागात बारीक तपशील नसतात, आणि मध्यम डिनॉईजला मॉडेल तो सपाटपणाही जपतं. इनपेंटला देण्याआधी रंगवलेल्या भागावर थोडी रवाळी टाका. गिंपमध्ये `Filters > Noise > RGB Noise`, जेमतेम दिसेल एवढीच. मॉडेलला त्या रव्यातून पोत उभं करता येतं आणि ०.४५ लाच तुकडा बसतो. कापून आणलेल्या तुकड्याला याची गरज कमी पडते, ब्रशने रंगवलेल्याला फार.

केवडा

तुम्हां सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री करून पाहिलं.

वरचा जोड कापून उलटा केला, खाली बसवला. तांब्याच्या रंगाने गोळा झाकला, रवाळी टाकली. मास्क तोच १५० चा, पॅडिंग २०० केलं म्हणजे चौकट साडेपाचशेची झाली. ०.४५ वर आठ सीड काढले. त्यातल्या तिघांत दोन्ही रिव्हेट स्वच्छ, गोल, उजेड डावीकडे. मी आनंदाने ओरडलेच.

पण आज सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिलं तर काहीतरी खुपतंय. हँडल ठीक आहे, रिव्हेट ठीक आहेत, तरी हँडल जगाला टेकलेलं वाटत नाही, समोर तरंगतंय. आणि जोडाच्या उजवीकडे तांब्यावर एक पुसट उभी रेघ दिसते, बहुधा मास्कची कड. ब्लर १६ केलं तर रेघ रुंद झाली, गेली नाही.

तळ्याकाठी

तरंगण्याचं कारण तांब्यात शोधा. घासलेलं तांबं आरसाच असतं. हँडलच्या पायाचं प्रतिबिंब जगाच्या अंगावर पडलेलं असणार, ठोक्याठोक्यांत तुटलेलं, पिवळसर. ते प्रतिबिंब अजून जुन्या वितळलेल्या पायाचं आहे. नवा पाय एका आकाराचा, प्रतिबिंब दुसऱ्याचं. डोळ्याला चूक नेमकी सापडत नाही, पण खुपते. तसंच पायाच्या अगदी खाली जिथे पितळ तांब्याला टेकतं, तिथे काळसर बारीक सावली लागते. ती तुमच्या १५० च्या बाहेर पडली असेल.

बिघाड म्हणजे बिघडलेला भाग, त्याची सावली आणि त्याचं प्रतिबिंब. तिन्ही एकाच मास्कमध्ये घ्या. तुमचा मास्क २३० बाय १९० च्या आसपास जाईल. मग पॅडिंग १६० वर आणा, चौकट तेवढीच राहील.

आता रेघ. मास्कची कड कुठे संपते हे मी त्याच्या आकाराइतकंच महत्त्वाचं मानते. गुळगुळीत धातूवर उजेड हळूहळू उतरत जातो, तिथे मध्येच मास्क संपवला तर दोन्हीकडच्या उजेडात किंचित फरक राहतोच आणि रेघ उमटते. ब्लर वाढवून ती फक्त पसरते. कड नेऊन अशा जागी टाका जिथे आधीच काही बदलतंय: हँडलची बाह्यरेषा, ठोक्यांच्या मधली काळी वळणं, जगाची कड. तुमच्याकडे मठारकाम आहे, म्हणजे कड लपवायला जागोजागी आडोसा आहे. मास्क गोल ब्रशने न भरता ठोक्यांच्या कडांवरून वेडावाकडा न्या. जग साधा पॉलिशचा असता तर मी तुम्हाला मास्क थेट त्या कडेपासून या कडेपर्यंत मोठा घ्यायला सांगितलं असतं.

झपाटा

माझं मत थोडं वेगळं आहे. मी ब्लर २० ते २४ ठेवतो आणि मास्क ब्लरइतकाच बाहेर वाढवतो. प्लास्टिकच्या बाटल्यांवर रेघ राहत नाही. `Soft inpainting` सुरू केलं की अजून चांगलं.

तळ्याकाठी

प्लास्टिकवर राहत नसेल, मी तुमचं काम पाहिलेलं नाही. धातूवर मोठ्या ब्लरच्या पट्ट्यात जुनं आणि नवं चित्र एकमेकांवर अर्धंअर्धं दिसतं, ठोके दुहेरी होतात. `Soft inpainting`ने मला काही चित्रांत फायदा झाला, काहींत पोत मऊ झालं. यावर मी ठाम काही सांगणार नाही.

नवा पैसा

मी कम्फीवर आहे. ताईंचे आकडे जसेच्या तसे घातले, ०.४५ आणि ३० स्टेप्स, तर माझ्याकडे चित्र वेगळंच वागतं. शिवाय मास्कच्या बाहेरचा मजकूरही जरा बदलल्यासारखा वाटतो. असं का?

तळ्याकाठी

दोन गोष्टी.

फोर्जमध्ये ३० स्टेप्स आणि ०.४५ म्हणजे प्रत्यक्षात तेरा-चौदाच स्टेप्स चालतात. कम्फीचा `KSampler` पूर्ण ३० चालवतो, पण उतरणीच्या शेवटच्या भागावर. शिवाय शेड्युलर वेगळा असेल तर ०.४५ ला मिसळलेला नॉईजही वेगळा असतो. `karras` ला तो `normal` पेक्षा कमी भरतो. तेव्हा दुसऱ्याचा आकडा दिशेपुरता घ्यायचा. तुमच्याकडे एकच सीड धरून ०.३५, ०.४५, ०.५५ असे तीन काढून शेजारी ठेवा. लाइटनिंगसारखं आठ स्टेप्सचं मॉडेल असेल तर आणखी जपा: फोर्जमध्ये आठ स्टेप्सना ०.४ म्हणजे तीन-चारच स्टेप्स उरतात, आणि आकडा थोडा हलवला तरी चित्र उडी मारतं.

दुसरं, मजकूर. कम्फीत `VAE Encode` करून शेवटी `VAE Decode` केलं की अख्खं चित्र त्या आक्रसण्यातून जाऊन येतं, मास्कबाहेरचंही. बारीक अक्षरं आणि लोगो तिथे किंचित चुरगळतात. शेवटी `ImageCompositeMasked` लावून मूळ चित्रावर फक्त मास्कमधला भाग ठेवा. आणि `VAE Encode (for Inpainting)` वापरत असाल तर तो काढून `Set Latent Noise Mask` घ्या. पहिला मास्कखालचं चित्र आधीच करडं करून टाकतो, त्यावर ०.४५ ला राखाडी चिखल मिळतो.

तपासायला सोपा उपाय: गिंपमध्ये मूळ चित्र खाली, नवं वर, वरच्या थराचा मोड `Difference`. मास्कबाहेर सगळं काळंकुट्ट दिसलं पाहिजे. पुसट काही दिसलं तर उजेड वाढवून पाहा, लगेच कळतं कुठे हात लागलाय. केवडा, तुम्हीही एकदा करा.

केवडा

केलं. `Difference`मध्ये मास्कबाहेर पूर्ण काळं आहे, फोर्जने बाहेर हात लावलेला नाही.

मास्क २३० बाय १९०, कड ठोक्यांवरून नेली, पॅडिंग १६०. आधी प्रतिबिंबाच्या जागी पिवळसर तांबडा ब्रश तुटक तुटक मारला आणि पायाखाली एक काळसर रेघ ओढली. ०.३५ ला माझे ब्रशचे फटके तसेच दिसले. ०.५५ ला ठोके मोठे आणि विरळ झाले, शेजारच्या ठोक्यांशी जुळेनात, आणि एका सीडमध्ये तिसरा रिव्हेट आला. ०.४५ ला दहातले चार चांगले. त्यातल्या एकात हँडल जगाला घट्ट टेकलंय. रेघ शोधूनही सापडत नाही.

त्या चित्रात एका ठोक्यावर उजेडाचा ठिपका जरा जास्त पांढरा होता. तेवढ्यावरच ३० पिक्सेलचा मास्क घेऊन ०.२५ दिलं, गेला. झपाटा, तुमचा आकडा शेवटी कामी आला.

झपाटा

वा! चित्र टाका ना इथे.

केवडा

मालकांची परवानगी मिळाली की टाकते. आता पुढचा पेच. याच जगाचे अजून पाच कोन आहेत आणि पाचांतही हँडलचा पाय कुठे ना कुठे वितळलेला. प्रत्येकात असंच केलं तर रिव्हेट प्रत्येक चित्रात जरासे वेगळे येतील ना? एकात ठसठशीत, दुसऱ्यात चपटे.

तळ्याकाठी

येतील. सीड तोच ठेवूनही येतील, कारण चौकट वेगळी झाली की सीडचा उपयोग नाही. एका चित्रातला रिव्हेट पाचही ठिकाणी कापून बसवलात आणि ०.४ च्या खाली राहिलात तर बरेच सारखे राहतील. पण तिरक्या कोनातून गोल डोकं लंबगोल दिसतं, ते तुम्हाला प्रत्येक वेळी हाताने करावं लागेल. याहून चांगला मार्ग माझ्याकडे नाही. माळरान म्हणाले तसं साधं मॉडेल केलं तर निदान बसवायला बरोबर आकार मिळतो.

माळरान

नुसतं हँडल आणि दोन रिव्हेट असतील तर ते मी ब्लेंडरमध्ये संध्याकाळभरात करून देईन. सहा कोनांतून साधे राखाडी रेंडर काढून देतो, त्यावर तुम्ही रंग चढवा. फक्त मला खऱ्या जोडाची मापं लागतील. चित्रातून घेतलेली नकोत.

ठुशीवाली

मलाही हेच विचारायचं होतं. खऱ्या जगाला रिव्हेट कसे आहेत ते कुणी पाहिलंय का? आमच्याकडे एका गिऱ्हाईकाने ठुशी परत पाठवली, चित्रातली कडी वेगळी होती म्हणून. तेव्हापासून नणंद प्रत्येक चित्र दागिना हातात धरून तपासते.

केवडा

ठुशीवाली, तुमचं वाचून दुकानात फोन केला. कारागिरांना विचारून मालक म्हणाले की रिव्हेट दोनच आहेत, पण ते ठोकून जवळजवळ सपाट केलेले असतात. माझ्या चित्रात ते चांगले फुगीर, गोल आलेत. वरच्या जोडातून मी जे कापून आणले तेही फुगीरच होते, आणि तो जोड बरोबर आहे असं मी धरून चालले होते.

माळरान, शनिवारी दुकानात जाऊन मापं घेते आणि जग डावीकडच्या उजेडात ठेवून दोन्ही जोडांचे फोटो काढते. झाकणाच्या बिजागरीचाही काढेन. आता तीही मला खात्रीची वाटत नाहीये.